मोटारीची सोळा घरे आणि खिशातला फोन

मोटारीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला की सामान्य मालकाच्या पोटात गोळा उठतो. दिवा म्हणजे दोष आहे एवढे कळते, पण कोणता हे कळत नाही, आणि जो सांगेल त्याच्या शब्दावर पैसे मोजावे लागतात. वास्तविक दोषाची नोंद गाडीच्याच यंत्रात सांकेतिक क्रमांकाने लिहिलेली असते. ती वाचण्याचे सॉकेट स्टीअरिंगच्या खाली, हाताच्या अंतरावर असते. अमेरिकेत १९९६ पासून विकल्या जाणाऱ्या मोटारींना ते सक्तीचे झाले. आपल्याकडे त्याच धर्तीचा नियम २०१३ च्या एप्रिलपासून लागू झाला. बाजारात चारपाचशे रुपयांपासून अडॅप्टर मिळतात आणि ते फोनशी बोलतात. तथापि, त्यांपैकी कोणता घ्यावा हे दुकानदाराला विचारण्याआधी त्या सॉकेटालाच विचारावे, असे माझे म्हणणे आहे.

बॅटरी घेऊन वाकून पाहा. सॉकेट एका बाजूने रुंद, दुसऱ्या बाजूने अरुंद असते. रुंद बाजू वर धरली तर वरच्या ओळीत डावीकडून १ ते ८ आणि खालच्या ओळीत ९ ते १६ अशी घरे येतात. सोळाही घरांत पितळी पट्टी क्वचितच असते. ज्या घरात धातू चमकतो तेवढ्यालाच तार जोडलेली असते, बाकीची रिकामी. म्हणून रिकामी कोणती, हेच पहिले उपयुक्त ज्ञान होय.

तीन घरे जवळजवळ सर्वत्र भरलेली आढळतात. ४ आणि ५ ही दोन्ही अर्थिंगची: ४ गाडीच्या सांगाड्याचे, ५ संकेताचे. १६ मध्ये बॅटरीचा धन प्रवाह येतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बहुतेक गाड्यांत १६ व्या घरात चावी काढल्यावरही वीज असते. साधे अडॅप्टर ५० मिलीअँपिअर घेत असेल, तर दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात आणि दहा दिवसांत बारा. लहान मोटारीची बॅटरी पस्तीस अँपिअर-तासांची. गावाला जाताना अडॅप्टर लावून ठेवणाऱ्याची गाडी परतल्यावर ढकलावी का लागते, ते यावरून उमजेल.

आता बोलण्याच्या तारा. ६ आणि १४ या जोडीवर कॅन नावाची पद्धत चालते. दोन्ही तारा विश्रांतीत अडीच व्होल्टवर असतात. संकेत देताना एक साडेतीनवर चढते, दुसरी दीडवर उतरते. ऐकणारा केवळ दोहोंतील फरक मोजतो, म्हणून प्लगच्या ठिणग्यांचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडून वजा होतो. अमेरिकेत २००८ पासून हीच पद्धत बंधनकारक आहे आणि हल्लीच्या गाड्यांत तीच असते. आपल्याकडील काही जुन्या लहान गाड्यांत मात्र ६ व १४ रिकामी आणि ७ भरलेले दिसेल. ही के-लाइन, एकच तार. कॅन सेकंदाला पाच लाख खुणा पाठवते, तर के-लाइन दहा हजारांच्या थोडी वर. कित्येक गाड्यांत तिला जागे करण्यासाठी पहिला एक शब्दच दोन सेकंद घेतो. तेवढा धीर धरावा. २ आणि १० ही घरे मुख्यतः जुन्या अमेरिकन गाड्यांसाठी. आपण ती सोडून देऊ. उरलेली बहुतेक घरे कारखानदार स्वतःच्या कामासाठी वापरतो. आणखी एक सावधगिरी: ६, ७, १४ अशी तिन्ही भरलेली असतील, तर इंजिन नेमके कोणत्या तारेवर बोलते हे पट्टी पाहून सांगता येत नाही, तेथे दोन्ही पद्धती जाणणारे अडॅप्टरच हवे.

आमच्या संघटनेतील एका टॅक्सीचालकाचा प्रकार सांगतो. दिवा लागला होता. एका गॅरेजने सांगितले की इंजिनाचा कॉम्प्युटरच गेला, पंधरा हजार लागतील. तो माझ्याकडे आला, "भाऊ, पंधरा हजार म्हणजे माझा महिना गेला." त्याने आणलेले स्वस्त अडॅप्टर सॉकेटात पेटेचना. मल्टिमीटर लावून १६ आणि ४ यांमध्ये मोजले तर शून्य. पुष्कळ गाड्यांत या घराला सिगारेट लायटरच्याच फ्यूजमधून वीज येते, आणि त्याने आदल्या आठवड्यात तेथे लावलेल्या चार्जरने फ्यूज उडवला होता. दहा रुपयांचा फ्यूज बदलला, दिवा पेटला, पण फोनवर उमटले UNABLE TO CONNECT. मग घरे पाहिली: ४, ५, ७, १६, बस्स. गाडी के-लाइनची, आणि अडॅप्टरच्या खोक्यावर 'सर्व पद्धती' छापलेले असूनही त्यात के-लाइनचा भागच बसवलेला नव्हता. या अडॅप्टरांतील मूळ चिप ईएलएम ३२७ ही एका कॅनेडियन कंपनीची. तिच्या नकला अमाप निघाल्या. v1.5 ही आवृत्ती तर मूळ कंपनीने कधी काढलीच नाही, तरी ती खोक्याखोक्यावर मिरवते. छापील शब्दावर न विसंबता परत करण्याची बोली करूनच माल घ्यावा.

के-लाइन खरोखर जाणणारे अडॅप्टर मिळाल्यावर गाडी बोलली. क्रमांक निघाला P0113: आत येणाऱ्या हवेचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर व्होल्टेज अती जास्त. चालू आकडे पाहिले तर हवा उणे ४० अंश! एप्रिलच्या दुपारी. गाडी तापमान एका आकड्यात पाठवते आणि त्यातून ४० वजा करायचे असतात. आलेले उत्तर होते 41 0F 00, म्हणजे शून्य वजा चाळीस. शून्य येणे हे थंडीचे नव्हे, तार तुटल्याचे लक्षण. एअर फिल्टर बदलताना कोणीतरी सेन्सरचा प्लग काढून तसाच लोंबता ठेवला होता. तो बसवताच उत्तर आले 41 0F 4C. 4C म्हणजे ७६, त्यातून ४० गेले, ३६ अंश राहिले. इंजिनाचा कॉम्प्युटर ठणठणीत होता.

फोनचा प्रश्नही यातच येतो. अँड्रॉइड फोनवर साधे ब्लूटूथ चालते. आधी सेटिंगमध्ये जोडावे, आकडा बहुधा 1234 किंवा 0000. आयफोनला साधे ब्लूटूथ अडॅप्टर चालत नाही. त्याला कमी विजेवर चालणारे ब्लूटूथ, म्हणजे बीएलई, किंवा वायफाय लागते. बीएलई अडॅप्टर फोनच्या सेटिंगमधून जोडू नये, अॅपमधूनच जोडावे. वायफायला इंटरनेट नसल्याने फोन परस्पर दुसरे जाळे पकडतो आणि संबंध तुटतो, ही त्याची खोड. तारेची यूएसबी केबल अँड्रॉइडला ओटीजीने जोडता येते, पण केकेएल नावाची स्वस्त केबल केवळ ७ आणि १५ या घरांची असते. कॅनच्या गाडीला ती मुकी, आणि फोनवरील बहुतेक अॅप तिची भाषा जाणतही नाहीत.

या साधनांनी साधारणपणे इंजिन आणि धुराचेच दोष वाचता येतात. एअरबॅग वा ब्रेकच्या यंत्राला कारखानदाराचे साधन लागते. ट्रकसारख्या चोवीस व्होल्टच्या गाडीला बारा व्होल्टचे अडॅप्टर लावू नये. आणि दोष पुसण्याचे बटण दाबण्यापूर्वी क्रमांक कागदावर उतरवून घ्यावा. पुसताना दोष घडला त्या क्षणाचे वेग, तापमान वगैरे आकडेही नाहीसे होतात, आणि पुढच्या मेकॅनिकला शोधायला काहीच उरत नाही.