हरवलेल्या कुत्रीचं पोस्टर

दिवाळीच्या फटाक्यांना बिथरून पुण्यातल्या एखाद्या सोसायटीतून तपकिरी देशी कुत्री पळाली, की घरचे पोस्टरवर लिहितात, 'नाव राणी, खूप प्रेमळ.' रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला याचा काय उपयोग? तपकिरी कुत्री तर गल्लोगल्ली दिसतात. त्याला फरक सांगावा लागतो: पुढचा डावा पंजा पांढरा, शेपटी गोल वळलेली, उंची गुडघ्याएवढी. लाल पट्ट्याचा उल्लेख यानंतर, कारण पट्टा निसटू शकतो. नसबंदी केलेल्या भटक्या कुत्र्यांच्या कानाला बहुधा खाच असते. राणीचे दोन्ही कान अखंड असतील तर तेही लिहावं.

फोटो एकच, पण मोठा: दिवसाउजेडी, बाजूने, चारही पाय दिसतील असा. मांडीवर झोपलेली राणी घरच्यांना गोड वाटते, ओळखायला निरुपयोगी. 'कुत्री हरवली' आणि फोन नंबर स्कूटरवरून जाणाऱ्यालाही वाचता आला पाहिजे. कुठून, कधी पळाली तेही हवं. खाली ठळक लिहावं: 'पाठलाग करू नका, लगेच फोन करा.' घाबरलेलं कुत्रं कधी कधी मालकापासूनही पळतं, आणि मागे लागलं की थेट वाहनांत शिरतं.

एक खूण मात्र छापू नये, फोटोतही दिसू देऊ नये. समजा, पोटावरचा काळा ठिपका. 'कुत्री सापडली, आधी पैसे पाठवा' असा फोन आला, तर पोटावर काय आहे ते विचारायचं.