पिळलेला खडू तिरका का तुटतो?

खडू दोन्ही हातांत धरून वाकवला की तो आडवा, सरळ कापल्यासारखा तुटतो. तोच खडू ओला कपडा पिळावा तसा पिळला, तर तुटलेली कड गोल जिन्यासारखी फिरत जाते आणि खडूच्या लांबीशी साधारण ४५ अंशांचा कोन करते. नरम पोलादाची सळई मात्र पिळून तोडली, तर ती आडवीच तुटते.

या फरकाचं उत्तर पृष्ठभागावर मिळतं. खडूवर एक छोटा चौकोन काढला आणि खडू पिळला, तर चौकोनाच्या बाजू एकमेकींवरून सरकू पाहतात. या सरकवणाऱ्या जोराला इंजिनिअर शिअर म्हणतात. चौकोन असा कलला, की त्याचा एक कर्ण लांबतो आणि दुसरा आखूड होतो. म्हणजे बाजूंवर निव्वळ शिअर असलं तरी कर्णाच्या दिशेने निव्वळ खेच असते. पदार्थ तोच, बिंदूही तोच. पण कोणत्या तिरक्या पातळीवर पाहतो त्यानुसार स्ट्रेस बदलतो. खडू खेचीला कच्चा, म्हणून तो खेच सर्वाधिक असते तिथे फाटतो. नरम पोलाद शिअरला आधी हार जातं, म्हणून ते आडवं तुटतं.

मग प्रत्येक कोनासाठी वेगळं गणित करायचं का? जर्मन इंजिनिअर क्रिस्टियन ओटो मोर यांनी १८८२ मध्ये त्यासाठी एक वर्तुळ मांडलं. कार्ल कुलमान यांनी त्याआधीच या मार्गाने पाऊल टाकलं होतं, पण नाव रूढ झालं ते मोर यांचं.

यंत्राचा एक शाफ्ट घेऊ. पट्ट्याच्या ओढीने तो वाकतो आणि मोटरमुळे पिळला जातो. त्याच्या पृष्ठभागावरच्या एका बिंदूपाशी, एका क्षणी, लांबीच्या दिशेने दर चौरस मिलिमीटरला ८० न्यूटन खेच आहे आणि ३० न्यूटन शिअर. आडव्या दिशेने खेच नाही. बाहेर नुसती हवा असल्यामुळे पृष्ठभागाला काटकोनातही काही नाही. म्हणूनच हा प्रश्न कागदाच्या सपाटीवर सुटतो.

आलेखाच्या आडव्या रेषेवर खेच मोजायची, उभ्या रेषेवर शिअर. चौकोनाच्या एका बाजूसाठी ८० वर जाऊन ३० वर चढा आणि बिंदू द्या. तिला लागून असलेल्या बाजूसाठी शून्यावरून ३० खाली उतरा. दोन्ही बिंदू जोडणारी रेषा आडव्या अक्षाला ४० वर छेदते; तो वर्तुळाचा मध्य. मध्यापासून पहिला बिंदू ४० आडवा आणि ३० उभा, म्हणून त्रिज्या ५०.

आता वर्तुळ नुसतं वाचायचं. उजवं टोक ९० वर, ही सर्वांत मोठी खेच. डावं टोक उणे १० वर, म्हणजे त्या दिशेने दाब. ही दोन प्रमुख स्ट्रेस. तिथे शिअर शून्य असतं. सर्वांत वरचा बिंदू ५० वर, हे कमाल शिअर. मात्र त्या पातळीवर खेच शून्य नसते, मध्याइतकी म्हणजे ४० असते, हे अनेकदा विसरलं जातं.

राहिली दिशा. चौकोनाच्या लगतच्या बाजूंमध्ये ९० अंश असतात, पण त्यांचे बिंदू वर्तुळात समोरासमोर, १८० अंशांवर येतात. म्हणून वर्तुळातला कोन नेहमी दुप्पट. आपल्या वर्तुळात पहिल्या बिंदूपासून उजव्या टोकापर्यंत ३६.९ अंश आहेत, तेव्हा शाफ्टवर सर्वांत मोठी खेच लांबीपासून सुमारे १८.४ अंश कललेली. कमाल शिअरच्या पातळ्या तिथून ४५ अंशांवर. कलते कोणत्या बाजूला? इथे चिन्हांचा घोळ हमखास होतो. लांबणाऱ्या कर्णाकडे पाहा. मोठी खेच त्याच बाजूला झुकते. उत्तर उलट आलं, तर शिअरचं चिन्ह चुकलं समजावं.

आणखी एक खाच आहे. पातळ पत्र्याच्या नळकांड्यात दाबाखाली वायू भरला, तर घेराच्या दिशेने १०० आणि लांबीच्या दिशेने ५० न्यूटन खेच येते. या दोहोंचं वर्तुळ ७५ वर मध्य धरतं. त्रिज्या २५, म्हणून कमाल शिअर २५ वाटतं. पण पत्र्याच्या जाडीच्या दिशेने स्ट्रेस जवळपास शून्य आहे, आणि शून्य ते १०० असं वर्तुळ काढलं की त्रिज्या ५० येते. खरं कमाल शिअर हेच, आणि ते पत्र्याच्या जाडीत तिरकं असतं. शाफ्टमध्ये एक टोक खेचीचं आणि दुसरं दाबाचं होतं, शून्य मधेच पडत होतं, म्हणून एक वर्तुळ पुरलं. दोन्ही टोकं खेचीची किंवा दोन्ही दाबाची आली, की तिसरी दिशा तपासल्याशिवाय पत्र्याची जाडी ठरवू नये. नाहीतर शिअरचा हिशेब निम्म्यावर येतो.