सिल्व्हर क्लोराइड अमोनियात कसे विरघळते

सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात मिठाचे पाणी घातले की फाटलेल्या दुधासारखा पांढरा, गुठळ्यांचा अवक्षेप तयार होतो. हे सिल्व्हर क्लोराइड. ते पाण्यात विरघळत नाही असे म्हणण्याची पद्धत आहे, पण लिटरभर पाण्यात ते सुमारे २ मिलिग्रॅम तरी विरघळतेच. याच अवक्षेपावर अमोनियाचे द्रावण ओतून परीक्षानळी हलवली, की गुठळ्या विरत जातात आणि नळीत नितळ द्रावण उरते. सिल्व्हर आयोडाइडचा पिवळा अवक्षेप मात्र जागचा हलत नाही. या फरकाचे उत्तर दोन स्थिरांकांत आहे.

पहिला विद्राव्यता गुणाकार. संपृक्त द्रावणात चांदीच्या आयनांची संहती आणि क्लोराइड आयनांची संहती यांचा गुणाकार ठरलेला असतो. सिल्व्हर क्लोराइडसाठी २५ अंश सेल्सिअसला तो सुमारे १.८ × १०⁻¹⁰ आहे. बंधन आहे ते गुणाकारावर, एकट्या आयनावर नाही. म्हणून चांदीचे आयन कोणी द्रावणातून उचलून नेले, तर ती तूट भरून काढण्यासाठी आणखी अवक्षेप विरघळावा लागतो.

चांदीचे आयन उचलण्याचे काम अमोनिया करतो. त्याचे दोन रेणू एका आयनाला दोन बाजूंनी धरतात आणि [Ag(NH₃)₂]⁺ हा जटिल आयन बनतो. ही पकड किती घट्ट आहे ते निर्मिती स्थिरांक सांगतो. तो सुमारे १.७ × १०⁷ आहे, म्हणजे पकड चांगलीच घट्ट.

दोन्ही क्रिया एकापुढे एक मांडल्या तर पहिलीत सुटलेला चांदीचा आयन दुसरीत वापरला जातो आणि हिशेबातून निघून जातो. उरते ते असे:

AgCl + 2NH₃ ⇌ [Ag(NH₃)₂]⁺ + Cl⁻

क्रियांची बेरीज झाली की त्यांच्या स्थिरांकांचा गुणाकार होतो. १.८ × १०⁻¹⁰ ला १.७ × १०⁷ ने गुणले की सुमारे ०.००३१ मिळतात. आकडा लहानच आहे, पण मूळच्या विद्राव्यता गुणाकाराच्या मानाने प्रचंड.

आता लिटरला १ मोल अमोनिया असलेले द्रावण घेऊ. त्यात लिटरमागे s मोल सिल्व्हर क्लोराइड विरघळले, तर जटिल आयन s, क्लोराइडही s आणि शिल्लक अमोनिया १ − २s. दोन्ही बाजूंचे वर्गमूळ काढले की s/(१ − २s) = ०.०५५ आणि त्यावरून s सुमारे ०.०५० येतो. येथे २s वजा करायचे हमखास राहून जाते. मग उत्तर ०.०५५, म्हणजे दहा टक्क्यांनी जास्त येते. लिटरमागे ०.०५० मोल म्हणजे ७ ग्रॅमहून थोडे अधिक. पाण्यात मिलिग्रॅमांत मोजावा लागणारा पदार्थ येथे ग्रॅमांत विरघळला.

तरी विद्राव्यता गुणाकार मोडलेला नाही, आणि हेच या गणितातले सर्वांत सुंदर ठिकाण. द्रावणात मोकळे राहिलेले चांदीचे आयन काढले तर लिटरमागे फक्त ३.६ × १०⁻⁹ मोल भरतात. त्यांना क्लोराइडच्या ०.०५० ने गुणले की पुन्हा १.८ × १०⁻¹⁰. उत्तर बरोबर आहे की नाही, हे तपासायची रीतही हीच.

ब्रोमाइड आणि आयोडाइडमध्ये अमोनियाची पकड तीच राहते, बदलतो तो फक्त विद्राव्यता गुणाकार. ब्रोमाइडचा सुमारे ५ × १०⁻¹³ आणि आयोडाइडचा ८.५ × १०⁻¹⁷. परीक्षानळीच्या मापात याचा अर्थ स्पष्ट दिसतो. प्रत्येकी ०.१ मिलिमोल अवक्षेप (क्लोराइडचा तो १४ मिलिग्रॅम, चिमूटभरही नाही) गाळून, धुऊन घेतला, तर याच अमोनियाचे क्लोराइडला २ मिलिलिटर पुरतात, ब्रोमाइडला सुमारे ३४ लागतात आणि आयोडाइडला अडीच लिटरहून अधिक. म्हणून क्षार-परीक्षणात ब्रोमाइडचा फिकट पिवळा अवक्षेप संहत अमोनियातच विरघळतो, तर आयोडाइड विरघळतच नाही असे धरले जाते. इतक्या तीव्र द्रावणांत मात्र हे आकडे अदमासाचेच समजावेत.

नितळ झालेल्या द्रावणात नायट्रिक आम्ल घातले की पांढरा अवक्षेप परत येतो. आम्लामुळे अमोनियाचा अमोनियम आयन होतो. चांदीला धरणारी इलेक्ट्रॉनांची जोडी आता हायड्रोजनने अडवलेली असते. पकड सुटते आणि मोकळी झालेली चांदी पुन्हा क्लोराइडशी जुळते. क्लोराइडची खात्री याच पायरीवर होते. सुरक्षेसाठीही ती हवी, कारण अमोनियातले चांदीचे द्रावण तसेच ठेवून दिले तर त्यात सिल्व्हर नायट्राइडचा काळा साका धरू शकतो, आणि तो नुसत्या धक्क्यानेही स्फोट पावतो. असे द्रावण बाटलीत भरून ठेवत नाहीत. प्रयोग संपताच आम्ल घालून त्याची विल्हेवाट लावतात.