लेहला पोचल्यावर डोके दुखले तर

रत्नागिरी समुद्राकाठी, तर लेह सुमारे ३,५०० मीटर उंचावर. तिथले बौद्ध विहार पाहायला विमानाने गेलो, की शरीराला विरळ हवेची सवय व्हायला वेळच मिळत नाही. म्हणून पोचल्यावर काही तासांत डोके ठणकते, मळमळते.

आम्ही प्रवाशांना सांगतो, पहिले दोन दिवस लेहमध्येच विश्रांती घ्या. दारू आणि झोपेची गोळी टाळा. डोके दुखल्यास पॅरासिटामॉल चालते. पण त्रास पूर्ण थांबेपर्यंत खारदुंग ला खिंडीकडे निघू नका, कारण गाडी तिथे आणखी सुमारे १,८०० मीटर चढते. गाडीचे पैसे भरलेत म्हणून दुखणे लपवू नका.

वर कुणी अडखळू लागले, तर पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या बोटांना लावत सरळ रेषेत चालायला सांगा. तोल गेला किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर मेंदूला सूज येत असावी. बसल्या जागी धाप लागली, तर फुप्फुसात पाणी साठत असावे. अशा वेळी सकाळची वाट न पाहता लगेच खाली उतरवा. एकटे सोडू नका. लेहमध्येच असे झाले, तर थेट रुग्णालयात नेऊन ऑक्सिजन लावून घ्या.