कालव्याकाठचा सर्वांत मोठा आयत

शेताची एक बाजू कालव्याला लागून आहे आणि हाताशी ४०० मीटर कुंपणाची जाळी आहे. कालव्याच्या बाजूला कुंपण नको, उरलेल्या तीन बाजू बंद करायच्या आहेत. जागा आयताकृती हवी आणि जाळीत बसेल तेवढी मोठी हवी. मग लांबी-रुंदी किती धरावी? बहुतेक जण चटकन ‘चौरस’ म्हणतात. चारही बाजूंना जाळी लावायची असती तर ते बरोबरच होते. १०० मीटर बाजूचा चौरस, म्हणजे नेमके एक हेक्टर. पण तीन बाजूंच्या जाळीत चौरस केला तर बाजू साधारण १३३ मीटर आणि क्षेत्रफळ १७,७७८ चौरस मीटरच्या आसपास येते. याहून बरेच जास्त मिळू शकते.

कालव्यापासून आत जाणाऱ्या दोन्ही बाजूंची लांबी x मीटर आणि कालव्याला समांतर बाजू y मीटर मानू. पहिला प्रश्न असा, की सगळी जाळी वापरलीच पाहिजे का? हो. थोडी जरी उरली, तरी ती y वाढवायला लावता येते आणि क्षेत्रफळ वाढते. म्हणून २x + y = ४००, म्हणजेच y = ४०० − २x. आता क्षेत्रफळ एकट्या x वर अवलंबून राहिले:

A = x(४०० − २x) = ४००x − २x²

x शून्यापेक्षा कमी असू शकत नाही आणि २०० पेक्षा जास्तही नाही, कारण तिथे y संपतो. ही दोन टोके धरली तर शेत उरत नाही, क्षेत्रफळ शून्य होते. तरी ती मुद्दाम हिशेबात ठेवायची. कारण टोकांसकट घेतलेल्या पट्ट्यावर अखंड बदलणाऱ्या राशीला सर्वांत मोठी किंमत असतेच, असे गणिताचे प्रमेय आहे. जे शोधायचे ते अस्तित्वात आहे, ही खात्री आधी हवी.

आता x मध्ये h एवढा छोटा बदल करू. क्षेत्रफळातला फरक ४००h − ४xh − २h² येतो. त्याला h ने भागले की ४०० − ४x − २h उरते, आणि h शून्याकडे नेला की ४०० − ४x. हाच डेरिव्हेटिव्ह, म्हणजे त्या जागी क्षेत्रफळ किती वेगाने बदलते आहे त्याचे माप. तो y − २x असाही लिहिता येतो, आणि मग त्यातला अर्थ शेतात दिसतो. खोली एक मीटर वाढवली तर y मीटर लांबीची पट्टी मिळते; पण दोन्ही बाजूंना मिळून दोन मीटर जाळी जास्त लागते, म्हणून y दोन मीटरने घटतो आणि साधारण २x चौरस मीटर जागा जाते. मिळकत जास्त असेल तोवर खोली वाढवत राहावे.

दोन टोकांच्या मधल्या एखाद्या x ला क्षेत्रफळ सर्वांत मोठे असेल, तर तिथे हा दर शून्यच असला पाहिजे. तो धन असता तर x किंचित वाढवून जास्त जागा मिळाली असती. ऋण असता तर x किंचित कमी करून. सतराव्या शतकात पिएर द फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने आपली रीत दाखवायला हेच उदाहरण घेतले होते: एका रेषेचे असे दोन तुकडे करा, की त्यांचा गुणाकार सर्वांत मोठा येईल.

४०० − ४x = ० वरून x = १००, y = २००. पण दर शून्य आला म्हणजे कमाल किंमत सापडलीच, असे नाही. किमान किंमतीलाही तो शून्य असतो. म्हणून टोके आणि ही जागा यांची तुलना करायची. x = ० आणि x = २०० ला क्षेत्रफळ शून्य, x = १०० ला २०,००० चौरस मीटर. दुसरा उमेदवार नाही. दोन हेक्टर, सुमारे पाच एकर! निम्मी जाळी समांतर बाजूला गेली, निम्मी दोन आडव्या बाजूंना.

मोजणीत थोडी चूक झाली तर? A हे २०,००० − २(x − १००)² असेही लिहिता येते. खोली १० मीटरने चुकली तरी २०० चौरस मीटरच, म्हणजे साधारण दोन गुंठे कमी होतात. शिखराजवळ उतार जवळजवळ सपाट असतो.

खरी फसगत वेगळीकडे होते. समजा, कालव्याचा काठ आपल्या हद्दीत १५० मीटरच आहे. मग y १५० पेक्षा जास्त होऊ शकत नाही, म्हणून x किमान १२५ हवा. x = १०० हे उत्तर आता पट्ट्याबाहेर गेले. ते तसेच लिहिणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. १२५ पासून २०० पर्यंत ४०० − ४x सगळीकडे ऋण आहे, म्हणजे x वाढेल तसे क्षेत्रफळ घटतच जाते. तेव्हा सर्वांत मोठी किंमत डाव्या टोकाला, x = १२५ ला: १२५ × १५० = १८,७५० चौरस मीटर. तिथे दर शून्य नाही, −१०० आहे. त्याचा अर्थही नेमका आहे: खोली एक मीटरने कमी करता आली असती तर सुमारे १०० चौरस मीटर जागा वाढली असती, पण त्यासाठी काठावर आणखी दोन मीटर हद्द लागली असती.