ग्रिल धरते ते काँक्रीट

खिडकीचं ग्रिल निवडताना आपण सळीची जाडी आणि नक्षी पाहतो. पण जोर लावला तर सळई क्वचितच तुटते, ग्रिल उखडतं ते भिंतीपासून. विटांच्या भिंतीत होल्डफास्ट गाडून सिमेंटने भरतात. हल्लीच्या आरसीसी भिंतीत तशी खाच फोडू नये. तिथे भिंतीला लोखंडी प्लेट बोल्टने आवळायची आणि प्लेटच्या कानाला ग्रिल जोडायचं.

समजा, खिडकी चार फुटी आहे आणि भिंत 150 मिमी जाडीची. दोन्ही बाजूंना तीन-तीन प्लेट पुरतात. प्रत्येक प्लेट 150 बाय 50 आणि 6 मिमी जाड असावी. मधोमध कान, वर-खाली 10 मिमीचा एकेक अँकर बोल्ट. हा बोल्ट आवळताना भोकात फुगतो आणि काँक्रीटला रेटून धरतो. कडेजवळ भोक पाडलं की याच रेट्याने कोपऱ्याचा टवका उडतो. म्हणून भोक भिंतीच्या जाडीच्या मध्यावर घ्यायचं, म्हणजे दोन्ही कडा 75 मिमी दूर राहतात. ग्रिल अगदी बाहेरच्या कडेला बसवण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

प्लास्टर काही धरत नाही. प्लेटखालचं प्लास्टर काढून ती थेट काँक्रीटवर टेकवावी आणि बोल्ट काँक्रीटमध्ये साठेक मिलिमीटर जाईल इतकं भोक घ्यावं. ड्रिल सळीला अडलं, तर सळई न कापता भोक सरकवावं. भोकातली पूड फुंकून, ब्रशने घासून काढावी. हेच काम सगळ्यात जास्त टाळलं जातं. पूड राहिली की बोल्ट घसरतो. आवळताना नट फिरतोय आणि बोल्टही सोबत फिरतोय, किंवा बोल्ट बाहेर सरकत येतोय, तर त्याची पकड बसलेली नाही. तो तसाच झाकू देऊ नका.

कान प्लेटला वर्कशॉपमध्येच वेल्ड करून आणावेत. जागेवर फक्त कान आणि ग्रिल यांचा जोड उरतो. तोही थोडा थोडा, थांबत करावा, कारण प्लेट तापली की केमिकल अँकरचा रेझिन मऊ पडतो आणि प्लास्टिकचा प्लग वितळतो. तिथे बोल्टचा जोड बरा. कानात लांबट भोक ठेवलं तर दोन-चार मिलिमीटरची चूक सावरता येते. बोल्टचं गोल गुळगुळीत डोकं बाहेर आणि नट घराच्या बाजूला हवा. प्लेटचे नट बाहेरून पान्याला लागत असतील, तर आवळून झाल्यावर बाहेर राहिलेले आटे छिन्नीने चेपून टाकावेत.

वेल्डवरची खपली ठोकून काढल्यावरच रेडऑक्साइड लावावं, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात तिथून तांबडे ओघळ येतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि आतून काँक्रीट फोडतो.

फॅब्रिकेटरला आधी एकच प्लेट तुमच्यासमोर बसवायला सांगा. ती नीट आवळली गेली, तरच पुढच्या पाच बसवू द्या.