जाहिरातीआधीचा हिशेब: किती क्लिक, किती पेट्या?

देवगडचा एखादा बागायतदार यंदा पहिल्यांदाच गूगलवर जाहिरात करून पुण्या-मुंबईच्या घरांत थेट हापूस पोचवायचा विचार करतो, असं धरू. एजन्सीकडे गेल्यावर त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पैसे घातले तर पेट्या किती जातील? त्याच्या खात्यात मागचा एकही आकडा नसतो. मग एजन्सीवाले गूगलचं कीवर्ड प्लॅनर उघडतात. कोणता शब्द महिन्याला साधारण किती वेळा शोधला जातो, हे तिथे दिसतं. त्या आकड्याला काही अंदाजी टक्केवाऱ्यांनी गुणत गेलं की ऑर्डरींचा अंदाज निघतो.

पहिली ठेच याच आकड्यावर लागते. ज्या खात्यातून अजून खर्च झालेला नाही, त्याला प्लॅनर बहुधा नेमका आकडा देत नाही. पडद्यावर `1K – 10K` असा पट्टा दिसतो, म्हणजे हजारही असतील आणि दहा हजारही. शिवाय एकाच शब्दाची एकवचन-अनेकवचनी रूपं आणि चुकीची स्पेलिंगं प्लॅनर सहसा एकत्र मोजतो आणि प्रत्येकापुढे तोच आकडा दाखवतो. ते सगळे बेरजेत धरले, तर एकच गिऱ्हाईक चारदा मोजलं जातं.

हापूसच्या बाबतीत त्याहून मोठा घोळ सरासरीचा आहे. प्लॅनरमधला मासिक आकडा सहसा बारा महिन्यांची सरासरी असतो, आणि आंबा काही बारमाही नव्हे. समजा, पुणे-मुंबईपुरती सरासरी महिन्याला 1,000 शोधांची आली. वर्षाचे झाले 12,000. त्यांतले निम्मे एप्रिलमध्ये होत असतील, तर एप्रिलचा खरा आकडा 6,000 असतो आणि ऑगस्टचा जेमतेम. महिनावार आलेख प्लॅनरमध्येच असतो. हंगामी मालाचा अंदाज त्यावरूनच बांधायला हवा.

आता एप्रिलचं गणित मांडू. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. 6,000 शोधांपैकी निम्म्या वेळी जाहिरात दिसली, म्हणजे 3,000 वेळा. बाकीच्या वेळी बजेट संपलेलं असतं किंवा लिलावात दुसरे पुढे गेलेले असतात. पाहणाऱ्या शंभरांतल्या पाचांनी क्लिक केलं, की झाले 150 क्लिक. क्लिकला 20 रुपये धरले तर खर्च 3,000. क्लिक करणाऱ्यांपैकी 2 टक्क्यांनी पेटी मागवली, तर ऑर्डरी तीन. एका ऑर्डरीमागे जाहिरातीचा खर्च 1,000 रुपये.

या तीन ऑर्डरींवर किती भिस्त ठेवायची? यात दिसण्याचं, क्लिकचं आणि खरेदीचं अशी तीन प्रमाणं गृहीत धरली आहेत. तिन्ही प्रत्यक्षात तीस टक्क्यांनी कमी निघाली, तर ऑर्डर एकच उरते. तिन्ही तेवढीच जास्त निघाली, तर सहा-सात येतात. चुका एकमेकींत मिळत नाहीत, गुणल्या जातात. म्हणून ‘तीन ऑर्डरी येतील’ असं ठासून सांगणारी एजन्सी गिऱ्हाइकाला अर्धीच गोष्ट सांगते. एक ते सात हा पट्टा कागदावर यायलाच हवा.

खरा उपयोग हिशेब उलटा मांडण्यात आहे. आंबा, खोका, पेंढा आणि गाडीभाडं जाऊन एका पेटीमागे 400 रुपये सुटत असतील, तर एका ऑर्डरीसाठी त्याला फार तर वीस क्लिक परवडतात. म्हणजे शंभर क्लिकांमागे किमान पाच ऑर्डरी हव्यात. अंदाजात धरल्या होत्या दोन. शोध दहापट असले तरी हे गणित बदलत नाही, फक्त तोटा दहापट होतो. बागायतदाराने एजन्सीला विचारायचं ते हे की, पाच टक्के कशाच्या जोरावर गाठणार?

त्याचं उत्तर थोड्या पैशांत पारखता येतं. खरेदीचं प्रमाण खरोखर पाच टक्के असेल, तर 60 क्लिक होऊनही एकही ऑर्डर न येण्याची शक्यता विसात एकाहूनही कमी असते. 60 क्लिकांना लागतात 1,200 रुपये. तेवढ्यात पाटी कोरी राहिली, तर तिथेच थांबून जाहिरातीतले शब्द, दर किंवा वेबसाइटचं पान बदलावं. एखाद-दुसरी ऑर्डर आली म्हणून मात्र पाच टक्के सिद्ध होत नाहीत, त्यासाठी काही शे क्लिक जावे लागतात. ही चाचणी ऐन हंगामातच घ्यावी. मार्चमधला चढा दर पाहून परत जाणारं गिऱ्हाईक मेमध्ये कसं वागेल, हे त्यावरून कळत नाही.

मोजताना एक गोष्ट हमखास सुटते. वेबसाइटवर आंबा पाहून पुष्कळ लोक फोन उचलतात किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पेटी मागवतात, आणि वेगळी सोय केली नसेल तर त्या ऑर्डरी जाहिरातीच्या खात्यात दिसत नाहीत. जाहिरातीसाठी वेगळा फोन नंबर द्यावा आणि त्यावर आलेली प्रत्येक ऑर्डर तारखेनिशी वहीत मांडावी. पुढच्या वर्षीच्या अंदाजात गृहीत टक्क्यांच्या जागी याच वहीतले आकडे घालायचे असतात.